निळ्या मांडवातलं कलिंगड

बाजीरावांचा फोटोवर भारी विश्वास. माणूस खोटं बोलेल, कागद खोटा निघेल, पण फोटो म्हणजे फोटो. विजेचे मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी सरली आणि शेवटची काही वर्षं तर मीटरचा फोटो काढायचा, आकडा लिहायचा आणि पुढच्या दाराला जायचं, एवढंच काम. कुणी कुरकुर केली की बाजीराव कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरायचे. एका बाईनं तर "आकडा तीन हाय, आठ न्हाय" म्हणून उंबऱ्यावर बसून घेतलं होतं. बाजीरावांनी तिला फोटोत आठ दाखवला आणि वर सुनावलं, फोटो खोटं बोलत नसतो. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी हा किस्सा ते कळंबच्या पारावर महिन्यातून एकदा सांगायचेच. आणि दर वेळी त्या बाईचं तोंड कसं पडलं होतं ते करूनही दाखवायचे.

असा माणूस गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन झाला आणि त्याच वर्षी जयंती कमिटीचा अध्यक्षही झाला, म्हणजे आता गावाचं काही खरं नव्हतं.

चौदा एप्रिलची सकाळ. विहारासमोर मांडव पडलेला. मांडव म्हणजे कसा, वर निळं कापड, बाजूला निळं कापड, खांबांनाही निळंच गुंडाळलेलं. बाजीरावांनी स्वतः इंदापूरला जाऊन कापड पसंत केलं होतं. पांढरा कडक शर्ट, पांढरी पँट, छातीला निळी फीत, असे ते सकाळी आठपासून मांडवात फिरत होते. एका कोपऱ्यात संभाजी आचारी बुंदी पाडत होता आणि सहाला मिरवणूक निघायची होती.

अकराच्या सुमाराला ताईबाईंच्या ट्रॅक्टरची ट्रॉली आली. दीडशे कलिंगडं. ताईबाई म्हणजे बाजीरावांच्या चुलतभावाच्या पत्नी, नात्यानं वहिनी. नवरा जाऊन चार वर्षं झाली, तरी बाईनं शेत खंडानं दिलं नाही. यंदा पहिल्यांदाच एकरभर कलिंगड लावलं, ठिबक केलं, मल्चिंगचा कागद अंथरला, आणि फळ असं धरलं की बारामतीचे झुंबरशेठ व्यापारी बांधावर येऊन सौदा ठरवून गेले. गाडी उद्या सकाळी यायची होती. पण पहिली तोड जयंतीची, असं ताईबाईंनी फुलं लागली तेव्हाच ठरवलं होतं. मिरवणुकीतलं एकबी माणूस तहानलेलं जायला नको, हा त्यांचा हट्ट.

माल सोडून ट्रॅक्टर गेला. अध्यक्षानं वाटपाआधी माल तपासायला नको का? बाजीरावांनी एक कलिंगड उचललं, मांडवाच्या मधोमध टेबलावर ठेवलं आणि सुरी घातली.

आत पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. रंग लाल म्हणावा तर लाल नाही. जांभळट, काळपट, कसला तरी भलताच. मधोमध बोट जाईल एवढी फट. गरातून पांढऱ्या-पिवळ्या दोऱ्या गेलेल्या. उलटं करून पाहिलं तर सालीवर टाचणीएवढं भोक. आता महिनाभर त्यांच्या मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओंत हेच तर सांगत होते, भोक, फट, दोऱ्या आणि भलताच रंग. शिवाय गेल्या आठवड्यात ते वर्गणीला ताईबाईंच्या शेतावर गेले होते तेव्हा खोपीच्या कुडात खोचलेली सिरिंज त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सगळा हिशेब जुळला. बाजीरावांना वाईटही वाटलं, पण खरं सांगायचं तर त्यापेक्षा बरं जास्त वाटलं. इतक्या वर्षांनी पुन्हा काहीतरी पकडलं होतं.

त्यांनी चार फोटो काढले आणि खाली लिहिलं, "सावधान. आपल्याच कळंबात इंजेक्शनचे कलिंगड. फोटो बघून खात्री करा. पुढे पाठवा."

लोकांना पुढे पाठवा म्हणायची तरी काय गरज. साडेबाराला फोटो वालचंदनगरला पोचला, एकच्या आत इंदापूरला, आणि सव्वा वाजता झुंबरशेठनं बारामतीहून ताईबाईंना फोन केला, की मावशी, उद्याची गाडी तूर्त थांबवतो, जरा वातावरण निवळू दे.

एप्रिलच्या उन्हात वेलीवर तयार झालेलं कलिंगड वातावरण निवळायची वाट बघत नाही. चार दिवसांत गर मऊ पडतो, आठ दिवसांत रानात सडायला लागतं. ताईबाई हातातलं खुरपं न टाकता तशाच मांडवात आल्या.

"जय भीम, भावजी."

"जय भीम," बाजीराव म्हणाले, आणि खुरप्याकडे बघून अर्धं पाऊल मागं सरकले.

"फोटू टाकायच्या आदी मला इचारायचं तरी. मी काय परमुलखात ऱ्हाती का?"

"वहिनी, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न हाय. नातं बाजूला ठेवावं लागतं."

"ठेवा की. पण मी इंजेक्शन मारलं हे कुणी सांगितलं तुमाला?"

"फोटो सांगतोय. आणि सिरिंज मी स्वतः बघितलीय, तुमच्या खोपीत."

ताईबाईंनी खुरपं ह्या हातातून त्या हातात घेतलं. मग म्हणाल्या, "औषध मोजायची हाय ती. पंपाला पंधरा मिली टाका म्हनत्यात, ते काय मी वंजळीनं मोजू?"

आता फवारणी करणाऱ्या निम्म्या गावाच्या खोपीत अशी सिरिंज असते, हे बाजीरावांना माहीत नव्हतं असं नाही. पण आरोप केल्यावर माणसाला माहीत असलेल्या गोष्टी आठवेनाशा होतात. ते म्हणाले, "मग ही फट कसली? ह्या दोऱ्या कसल्या?"

"फुलावर व्हतं तवा आठवडाभर आभाळ धरलं हुतं, मधमाशा फिरकल्याच न्हाईत. परागाला कमी पडलं की फळ आतनं असं फाकतं. कुणालाबी इचारा. आन त्या दोऱ्या फळाच्या शिरा हायत. तुमच्या हाताला न्हाईत का शिरा?"

बाजीरावांनी नकळत आपला हात पाहिला. निळ्या उजेडात शिरा जास्तच दिसत होत्या. मांडवात गर्दी जमायला लागली होती आणि गर्दीसमोर माघार घेणं अध्यक्षाला शोभत नाही, म्हणून ते म्हणाले, "ते काय असंल ते असंल. शंका हाय तवर वाटप न्हाय. संध्याकाळी माल उकिरड्यावर टाकावा लागंल."

ताईबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि खुरपं टेबलावर आपटलं. "माझ्या पोरीला बोलवा. तीच काय ते सांगंल."

पोरगी म्हणजे ज्योत्स्ना. पुण्याला अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, जयंतीला सुट्टी काढून आलेली. ती आली तेव्हा हातात मेंदीचा कोन होता, म्हणजे आरोपाचा निरोप गेला तेव्हा ती कुणाच्या तरी पोरीचा हात रंगवत बसली होती.

बाजीरावांनी तिलाही मोबाईल दाखवला. तिनं फोटो मोठे करून नीट पाहिले.

"काका, फोटोवरून मी नाही सांगू शकत."

"बघा," बाजीराव गर्दीकडे वळले, "प्रयोगशाळेतली पोरगी, आईच्या मालाला चांगलं म्हणायला धजत नाही."

"चांगलंही म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही. फोटोत फट दिसते, शिरा दिसतात, सालीला भोक दिसतं. रंग घातलाय की नाही ते दिसत नाही. मीच काय, आमचे मोठे साहेबसुद्धा फोटोवरून सांगणार नाहीत. हा काढला कुठं?"

"हितंच. ह्या टेबलावर."

ज्योत्स्नानं वर पाहिलं. दुपारचं ऊन निळ्या कापडातून गाळून खाली येत होतं. तिनं कापलेली फोड उचलली, काकांच्या हातात दिली आणि म्हणाली, "जरा बाहेर या."

मांडवाच्या बाहेर दोन पावलं. बाजीरावांनी फोडीकडे पाहिलं आणि फोड हातातून निसटता निसटता राहिली. जांभळटपणा गेला होता. साधं, लालचुटुक, रोजच्यासारखं कलिंगड. ते परत मांडवात गेले, फोड जांभळी झाली. बाहेर आले, लाल झाली. अध्यक्ष फोड घेऊन आत-बाहेर करताहेत हे बघून पोरीबाळी हसायला लागल्या.

"मांडवात वरून निळाच उजेड येतोय," ज्योत्स्ना म्हणाली, "त्यात लाल गर काळपट दिसणारच. आणि मोबाईल आपल्या अंदाजानं रंग सावरायला जातो, तो आणखी वेगळं काहीतरी करून ठेवतो. हातगाडीवाले लाल ताडपत्रीखाली फोडी मांडतात, त्या घरी आल्यावर फिक्या का दिसतात? तेच हे."

बाजीराव हरणारे नव्हते. त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं ब्रह्मास्त्र काढलं. "कापूस आणा."

कापूस आला. गरावर घासला. गुलाबी झाला. बाजीरावांनी तो दोन बोटांत धरून अख्ख्या मांडवाला दाखवला. ताईबाई खाली बसल्या.

"काका, तुमचा विश्वास कुठल्या कलिंगडावर आहे?" ज्योत्स्नानं विचारलं.

हा काय प्रश्न. पण बाजीरावांचा विश्वास एका कलिंगडावर होता. वालचंदनगरच्या बाजारातून, स्वतः टिचकी वाजवून आणलेलं, त्यांच्या घरी माठाजवळ ठेवलेलं. सूनबाई प्रियदर्शनी ते घेऊन आली आणि येताना, कुणी न सांगता, दोन टोमॅटो आणि एक बीटही घेऊन आली. तिला सासऱ्यांचा कायम काहीतरी वचपा काढायचा असायचा.

बाजीरावांच्या विश्वासू कलिंगडानं कापूस गुलाबी केला. टोमॅटोनं थोडा कमी केला. बिटानं तर कापूसच काय, प्रियदर्शनीची बोटंही रंगवली.

"मामा, बिटाला कुणी मारलं असंल हो इंजेक्शन?" तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं.

"लाल फळ घासलं की रस आणि गराचा चुरा कापसाला लागतोच," ज्योत्स्ना म्हणाली. "एकदम भडक रंग सुटला तर शंका घ्यायची, मग नमुना बंद करून तपासायला पाठवायचा. तिथं मशीन सांगतं, कापूस नाही."

"पण भोक?" बाजीरावांचा आवाज आता बराच खाली आला होता. "सुईचं भोक हाय की ते."

"मग तुम्हीच मारा सुई. बघू काय होतंय ते."

ताईबाईंच्या खोपीतली सिरिंज आणली, धुतली, सुई लावली. लाल रंग हवा होता, तो संभाजी आचाऱ्याच्या डब्यात निघाला. त्यानं नाखुशीनंच दिला, कारण त्याला त्यात आपलं काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. ज्योत्स्नानं रंग पाण्यात कालवून सिरिंज भरून दिली. बाजीरावांनी शर्टाच्या बाह्या सावरल्या, एक कलिंगड मांडीशी दाबून धरलं आणि सुई खुपसली.

सुई आत गेली. दट्ट्या काही जाईना. फळ म्हणजे काही रिकामी बाटली नव्हे, आधीच रसानं गच्च भरलेलं. बाजीरावांनी दात-ओठ खाऊन दाबलं. थोडा रंग आत गेला, आणि बाकीचा सुईच्या कडेनं फसकन परत आला तो सरळ त्यांच्या पांढऱ्या कडक शर्टावर. छातीवरच्या निळ्या फितीखाली तळहाताएवढा लाल डाग. मांडवात कुणी हसलं नाही, म्हणजे सगळ्यांनी तोंडावर हात धरले.

कलिंगड कापलं. सुई गेली होती तिथं बोटभर भडक डाग, कडेनं ओघळ, आणि बाकी सगळा गर होता तसाच. ज्योत्स्ना म्हणाली, "सगळं फळ सारखं लाल करायचं तर शंभर सुया मारायला हव्यात, आणि ह्या उन्हात एवढ्या भोकांचं फळ परवापर्यंत फसफसून जाईल. तुमच्या भोकाच्या आत कुठं असा डाग दिसला का?"

बाजीरावांनी सकाळची फोड पुन्हा उचलली, मुद्दाम उन्हात नेली. भोक सालीतच थांबलं होतं, कडा भरून आल्या होत्या. "फळमाशी बसली असंल," ताईबाई खालूनच म्हणाल्या, "न्हायतर बारीक असताना काडी लागली असंल."

"मी म्हणत नाही की कुणीच कधी काही करत नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "रसात, कापून ठेवलेल्या फोडीत रंग मिसळल्याच्या केसेस असतात. पण अख्ख्या फळाला सुई म्हटलं की आधी पुरावा मागायचा. आता शेवटचं. दोन ग्लास पाणी द्या."

एका ग्लासात तिनं कलिंगडाचा तुकडा टाकला. पाणी जेमतेम गुलाबट झालं, चुरा तळाला बसला. "रंग असता तर पाण्यात पटकन पळाला असता." आणि मग, का कोण जाणे, तिचं लक्ष कोपऱ्यातल्या परातीकडे गेलं. तिनं मूठभर बुंदी दुसऱ्या ग्लासात टाकली.

बुंदी बुडायच्या आत पाणी केशरी झालं. मग लाल झालं. ग्लासातून होळी निघावी असं झालं.

सगळ्यांनी संभाजी आचाऱ्याकडे पाहिलं. संभाजीनं बाजीरावांकडे पाहिलं. "अध्यक्षच म्हणले, बुंदी चांगली उठून दिसली पायजे, फोटूत."

"बुंदीत तो चालतो," ज्योत्स्ना घाईनं म्हणाली, "प्रमाणात असला तर." पण आता कोण ऐकतंय. अख्ख्या मांडवात रंग घातलेली एकच गोष्ट होती आणि ती अध्यक्षांनी स्वतः घालायला लावली होती.

बाजीराव खुर्चीत बसले. त्यांना लाज वाटली. शर्टाची नाही, ती धुऊन गेली असती. ताईबाई जमिनीवर बसून टेबलावरच्या खुरप्याकडे बघत होत्या, एवढ्यानंच त्यांना लाज वाटली. त्यांनी मोबाईल काढला आणि ग्रुपवर लिहिलं, "सकाळचा मेसेज चुकीचा होता. कलिंगड चांगले आहे. क्षमस्व."

तीन वाजले, साडेतीन वाजले. दोन जणांनी अंगठा दाखवला आणि एकानं "ॐ शांती" लिहिलं, ते बहुतेक चुकून. हा मेसेज इंदापूर काय, गावाच्या वेशीपर्यंतही गेला नाही. ताईबाईंनी झुंबरशेठला फोन लावला तर ते म्हणाले, "मावशी, मला कळतंय हो, मी काय आज कलिंगड बघतोय का? पण गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर फोटो हाय, तुमची क्षमा न्हाय."

बाजीराव ऐकत होते. फोटोनं केलेलं शब्दांनी पुसलं जात नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार. ते थोडा वेळ हनुवटी चोळत बसले आणि मग उठले.

"सूनबाई, मोबाईल धर. माझा फोटो काढ."

मांडवाच्या मधोमध ते उभे राहिले, हातात ती सकाळचीच फोड. पांढरे केस निळे, शर्ट निळा, ओठ जांभळे, दात करडे, छातीवरचा लाल डाग काळा ठिक्कर. मग दोन पावलं बाहेर येऊन तसेच उभे राहिले. पांढरे केस, लाल डाग, लाल फोड, घामेजलेला साधा बाजीराव. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून त्यांनी खाली लिहिलं, "माणूस एकच हाय. फोड बी एकच हाय. मधी फक्त दोन पावलं हायत. कलिंगडाला इंजेक्शन मारलं म्हणणाऱ्यानं आधी मला कुणी मारलं ते सांगावं. सकाळची चूक माझी. बाजीराव, अध्यक्ष."

प्रियदर्शनी म्हणाली, "मामा, लोक हसतील."

"हसू देत. हसलं की पुढं पाठवत्यात."

आणि पाठवलं हो. साडेचारला वालचंदनगरहून बाजीरावांच्या साडूनं तोच फोटो बाजीरावांनाच पाठवला, खाली "ह्यांना ओळखता का?" असं लिहून. पाचला तो इंदापूरहून फिरून आला. साडेपाचला झुंबरशेठचा फोन, हसून हसून त्यांना बोलता येईना. "मावशी, बाजारात सगळे इचारत्यात, त्या निळ्या बाबाच्या गावची कलिंगडं कधी येणार. सकाळी सातला गाडी धाडतो."

ताईबाईंनी फोन ठेवला, पदर खोचला आणि सुरी हातात घेतली.

मिरवणूक विहारासमोर आली तेव्हा टेबलांवर फोडींच्या परातीच्या पराती लागल्या होत्या. ढोलवाले, लेझीमच्या पोरी, म्हातारी माणसं, सगळे रसानं माखले. बुंदीही संपली, आवडीनं संपली. बाजीराव डागाचा शर्ट न बदलता परातीमागं उभे राहून वाटत होते आणि येणारा जाणारा त्यांना "निळे बाबा, एक फोड" म्हणत होता. ते मुकाट देत होते.

गर्दी पांगल्यावर ताईबाईंनी मधली, बिनबियांची फोड काढली आणि त्यांच्यासमोर धरली. "घ्या, भावजी. सकाळपास्नं तुमी एकबी खाल्ली न्हाय."

बाजीरावांनी फोड घेतली. मांडवात आता निळ्या ट्यूब लागल्या होत्या आणि फोड पुन्हा काळी जांभळी दिसत होती. त्यांनी डोळे मिटून चावा घेतला. गोड होती, अशी गोड की त्यांनी लगेच दुसरा चावा घेतला.

ताईबाई शेजारच्या खुर्चीवर बसल्या. सुरी परातीच्या कडेला ठेवत म्हणाल्या, "एक इचारू का? तुमी पारावर ती मीटरची गोष्ट सांगता. उंबऱ्यात बसलेल्या बाईची. तिचं नाव कदी सांगत न्हाई."

बाजीरावांचा घास थांबला.

"मालक तवा दवाखान्यात हुते," ताईबाई म्हणाल्या. "काचंवर धूळ हुती, भावजी. मी पदरानं पुसते म्हणलं, तर तुमी म्हणला, फोटू निघालाय आता."

बाजीरावांनी फोड खाली ठेवली. हातावरून रस मनगटापर्यंत ओघळला होता, तो त्यांनी पुसला नाही.

"तीनच असंल, वहिनी," ते म्हणाले.

"तीनच हुता," ताईबाई म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी दुसरी फोड कापायला घेतली.